अध्यक्षांचे पत्र, बळकावलेले पान आणि कोषाध्यक्षांचा मोबाइल नंबर

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षांचे पत्र आले आहे की संघाचे फेसबुक पान कुणीतरी बळकावले असून त्यावरून स्नेहमेळाव्याचे बनावट शुल्क गोळा केले जात आहे. मी ते शुल्क आधीच भरले आहे. हे पत्र तरी खरे आहे हे कसे ओळखावे आणि पैसे परत मिळतील का?

आधी पैशांचे सांगते, कारण तिथे उशीर चालत नाही. पोलिसांत तक्रार दिल्याचे अध्यक्षांनी पत्रात लिहिले असले, तरी ती तक्रार पान बळकावल्याची असते. तुमच्या खात्यातून गेलेल्या रकमेची तक्रार तुम्हालाच करावी लागते. 1930 या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर नोंद करा. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, तारीख आणि वेळ, पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आयडी आणि त्या पोस्टचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते आणि त्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते. रक्कम तिथून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकली असेल तर माग काढणे अवघड होत जाते, आणि एकदा ती एटीएममधून निघाली की रोखण्यासारखे काही उरत नाही. रोखलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. ती सोडवायला वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि अनेकदा न्यायालयाचा आदेशही लागतो. बँक भरपाई देईलच असे मात्र धरून चालू नका, कारण रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये खातेदारांना दिलेले संरक्षण त्यांच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना होते आणि तुम्ही पिन स्वतः टाकला आहे.

पत्राविषयी मला जरा सविस्तर बोलावे लागेल, कारण आमच्या संघात हेच घडले तेव्हा मी सरचिटणीस होते आणि अध्यक्षांनी काढलेले पत्र निरुपयोगी आहे असे मी तेव्हाच लेखी कळवले होते. त्यात एवढेच होते की आपले पान हॅक झाले असून त्यावरील मजकुराकडे दुर्लक्ष करावे. पान कोणत्या तारखेपासून ताब्यात नाही, म्हणजे त्याआधीच्या पोस्ट खऱ्या मानायच्या की नाही. संघाचे खरे खाते कोणत्या नावाने आणि कोणत्या बँकेत आहे. ज्यांनी पैसे भरले त्यांनी काय करावे. यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. भर म्हणजे ते पत्र छायाचित्र काढून बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत टाकले गेले, त्यामुळे लेटरहेड असूनही कुणालाही ते बनावट वाटू शकले असते. तुमच्याकडे आलेले पत्र तपासायचे तर त्यावरच्या फोन नंबरवर मुळीच फोन करू नका. महाविद्यालयाच्या कार्यालयात किंवा तुम्ही प्रत्यक्ष ओळखत असलेल्या कार्यकारिणी सदस्याकडे विचारा, आणि पत्रात परताव्यासाठी एखादी लिंक, क्यूआर कोड किंवा पिन टाकण्याची सूचना असेल तर ते पत्रही त्याच टोळीचे आहे असे समजा. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

आमचे पान गेले ते अगदी नेहमीच्या रीतीने. पानाच्या इनबॉक्समध्ये फेसबुककडून आल्यासारखा एक संदेश आला की कॉपीराइटच्या तक्रारीमुळे पान बंद होणार असून आक्षेप नोंदवण्यासाठी सोबतच्या लिंकवर जावे. पान सांभाळणाऱ्या तरुण सदस्याने त्या लिंकवर स्वतःचा पासवर्ड आणि पाठोपाठ मोबाइलवर आलेला कोडही दिला. पानाचा पूर्ण ताबा असलेली एक व्यक्ती बाकीच्या सर्वांना काढून टाकू शकते, आणि तसेच झाले. त्यानंतर काही आठवडे पानावर काहीच घडले नाही, उलट जुन्या प्राध्यापकांच्या छायाचित्रांना शुभेच्छाही दिल्या जात होत्या, म्हणून कुणाला शंका आली नाही. मग स्नेहमेळाव्याची जाहिरात आली. ती आमचीच आदल्या वर्षीची होती. तोच रंग, तीच बोधचिन्हाची जागा, फक्त तारीख बदललेली आणि जुन्या क्यूआर कोडवर नवा चिकटवलेला. नीट पाहिले तर नव्या कोडची पांढरी चौकट किंचित तिरकी बसली होती आणि तिच्याखालून कोषाध्यक्षांच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरे डोकावत होती.

बिंग फोडले ते नाशिकच्या एका निवृत्त बँक अधिकारी बाईंनी. त्यांनी पैसे भरले आणि पावती मागितली. जी पावती आली तिच्यावर ना क्रमांक होता, ना संघाचा नोंदणी क्रमांक. ज्येष्ठांसाठी परत मिळणारी अनामत म्हणून आणखी रक्कम भरा, असा संदेश मात्र तत्परतेने आला. त्यांनी त्याच संध्याकाळी 1930 वर फोन केला आणि त्यांची रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडकली. जे अध्यक्षांच्या पत्राची वाट पाहत राहिले, त्यांच्या बाबतीत खाते रिकामे होते.

आता मूळ दुखण्याकडे येते. पैसे जाण्याआधी यूपीआय अ‍ॅप समोरच्या खात्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवते. त्या कोडवर एका अनोळखी माणसाचे नाव दिसत होते आणि तरीही लोकांनी पैसे भरले, याला कारण आमचे कोषाध्यक्ष आहेत. संघ नोंदणीकृत आहे, त्याच्या नावाचे बचत खाते आहे, तरीही वर्षानुवर्षे वर्गणी त्यांच्या खाजगी मोबाइल नंबरवर घेतली जात होती, कारण ते सोयीचे पडते आणि हिशेब मी चोख ठेवतो, असे ते म्हणत. हिशेब चोख असतही असेल. माझा आक्षेप हिशेबाला कधीच नव्हता. संघाच्या शुल्कासाठी पडद्यावर एखाद्या व्यक्तीचे नाव दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे, अशी सवय आपण सभासदांना लावली, आणि त्या सवयीमुळे फसवणूक ओळखण्याची सभासदांच्या हातातली सर्वांत सोपी खूण आपणच पुसून टाकली. संघाच्या खात्याचा क्यूआर कोड असता तर वेगळे नाव दिसताच निम्मे लोक तरी थांबले असते. तुमच्याही संघात शुल्क एखाद्याच्या खाजगी खात्यात जात असेल, तर अध्यक्षांना उत्तर लिहिताना तेवढे अवश्य विचारा.

कोषाध्यक्षांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. नवी कार्यकारिणी निवडून आली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर कुणी हरकत घेतली की प्रकरण रखडते आणि तोवर बँक सह्या बदलून देताना अडून बसते. आमच्याकडे एकदा तसे झाले होते आणि खाजगी नंबरची पद्धत तेव्हाच सुरू झाली. पण सह्यांचा तिढा पैसे काढण्यापुरता असतो; खात्यात पैसे जमा व्हायला त्याची आडकाठी नसते, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले होते.

आमचे पान परत मिळवण्यासाठी फेसबुकच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केलेला आहे, आणि तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. दरम्यान, संघाचे कोणतेही शुल्क व्यक्तीच्या खात्यात स्वीकारले जाणार नाही, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेसाठी लेखी दिला असून तो विषयपत्रिकेवर घेण्याचे कोषाध्यक्षांनी अद्याप टाळले आहे.