बेडक्यात रक्ताची रेघ, एक्स-रे मात्र नॉर्मल

"खोकल्यातून बेडक्यात रक्ताची रेघ येते. एक्स-रे नॉर्मल आहे. मग हे कशामुळे?"

खोकला किती जुना, यावर बरंच ठरतं. आठवडाभराचा असेल तर बहुधा संसर्गाने सुजलेल्या श्वासनलिकेतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते; संसर्ग ओसरला की रेघही थांबते. पण वर्षानुवर्षं रोज सकाळी भरपूर पिवळा बेडका आणि अधूनमधून रक्त, असं असेल तर श्वासनलिका कायमच्या रुंदावल्याचा, म्हणजे ब्राँकिएक्टॅसिसचा संशय घ्यावा. साध्या एक्स-रेत तो सहज निसटतो, छातीचा सीटी स्कॅन लागतो. त्यात नलिका शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा मोठी दिसते, अगदी खडा बसवलेल्या अंगठीसारखी. क्षयासाठी बेडका तपासून घ्याच. धूम्रपान करत असाल, वय चाळिशीपुढे असेल, तर कर्करोगाची शंका फिटेपर्यंत डॉक्टर दुर्बिणीनेही पाहतात. रेघेऐवजी निव्वळ रक्त चमच्यांनी पडू लागलं किंवा धाप लागली, तर थेट इमर्जन्सीत जा.