घड्याळाचा स्टीलचा पट्टा सैल होतोय. घरीच कड्या काढल्या तर ओरखडे पडतील का?

पिनेवर चालणारा पट्टा असेल तर घरी नीट जमतं; ओरखडे पडतात ते बहुतेक वेळा हत्यार निसटल्यामुळे. हे काम मी बरेचदा करतो, त्यात दिशा चुकणं ही चूक सर्वात जास्त दिसते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला कड्यांवर छोटे बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि बसवताना बाणाच्या उलट दिशेने आत घालायची. पिनेचं मधोमध चिरलेलं टोक शेवटी आत गेलं पाहिजे. उलट बाजूने जोर लावला की पिन हलत नाही, माणूस आणखी जोर लावतो आणि टोक घसरून कडीवर रेघ ओढतं.

म्हणून आधी कडीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि पट्टा खाचेच्या स्टँडमध्ये घट्ट बसवा. ढकलायचं टोक पिनेपेक्षा किंचित बारीक हवं. सुई किंवा चाकूचं टोक नको. दोन कड्या जास्त असतील तर क्लॅस्पच्या, म्हणजे पट्टा बंद करायच्या खटक्याच्या, दोन्ही बाजूंची एकेक काढा, नाहीतर क्लॅस्प मनगटाच्या मध्यावरून सरकतो. थोडाच फरक असेल तर आधी क्लॅस्पच्या कडेची, पट्टा थोडा आवळायची भोकं बघा, कदाचित कडी काढावीच लागणार नाही.

पिन अगदी सहज सुटून आली तर थांबा: काही पट्ट्यांत कडीच्या आत बारीकशी नळी असते, तीच पिनेला धरून ठेवते आणि टेबलावरून हरवते. कडीच्या बाजूला स्क्रूची खाच दिसली, तर मात्र ठोकायचं नाही, तो पट्टा स्क्रूड्रायव्हरनेच उघडतो.