पाणीपुरीचा गाडा: आधी पाणी आणि हात सांभाळा

बेळगावात पाणीपुरीचा गाडा लावणार असाल, तर पहिला खर्च झाकण व तोटी असलेल्या दोन पिंपांवर करा: एक पिण्याचे, दुसरे धुण्याचे. पुरीचे पाणी पुढे शिजत नाही, म्हणून ते खळखळून उकळून, झाकून गार केलेल्या पाण्यातच कालवावे. बर्फही पिण्याच्या पाण्याचाच हवा. नवखे हमखास चुकतात ते पैशांपाशी, कारण नोट घेतलेला हात तसाच पुरी फोडतो आणि मडक्यात बुडतो.

- पैसे दुसऱ्याने घ्यावेत; एकटे असाल, तर पैसे घेतल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने 20 सेकंद हात धुवावेत, आणि पाणी डावानेच वाढावे.
- रगडा व चटणी झाकून ठेवा.
- उष्टे द्रोण झाकणाच्या डब्यात टाका, सांडपाणी रस्त्यावर ओतू नका.

हातमोज्यांचे नंतर पाहू.