तहहयात : यातला ‘तह’ कुठला?

वाचकाचा प्रश्न : ‘काकांच्या मृत्युपत्रात “माझे पश्चात राहता ब्लॉक पत्नीस तहहयात, व तिचे पश्चात पुतण्यास” असं आहे. काका गेले, मग पुतण्या गेला, आता काकूही गेल्या. काकूंनी तो ब्लॉक मृत्युपत्रानं भाचीला दिलाय. सोसायटीत सगळे म्हणतात, काकू तहहयात मालक होत्या, त्यामुळे भाचीचंच खरं. “तहहयात मालक” हा प्रयोग बरोबर आहे का? आणि हा शब्द आला कुठून?’ – दादर

प्रयोग चूक आहे. मुंबईत जागेच्या वाटण्यांची गोष्ट निघाली की तो कानावर पडतोच, आणि प्रत्येक वेळी तो कुणाचं तरी नुकसान करून जातो. मालकाला आपली वस्तू विकता येते, गहाण टाकता येते, मरताना हव्या त्या माणसाला देता येते. ज्याचा हक्क त्याच्या श्वासाबरोबर संपतो, त्याला यातलं शेवटचं तर मुळीच करता येत नाही, कारण द्यायच्या क्षणी त्याच्याजवळ काही उरलेलंच नसतं. ‘तहहयात अध्यक्ष’ चालेल, तिथे पद माणसाबरोबर संपतं. मालकी तशी संपत नाही. जागेच्या बाबतीत ‘तहहयात उपभोग’ म्हणावं, किंवा सरळ ‘हयातीपुरता हक्क’.

आता शब्दाकडे. ‘हयात’ म्हणजे आयुष्य. शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. मुळात नाम, ‘हयातीचा दाखला’मध्ये ते नामच आहे. ‘आजोबा हयात आहेत’ म्हणताना मात्र आपण त्याचं विशेषण केलं. खरी गंमत ‘तह’मध्ये आहे. काही जाणते, त्यात वकिलीत केस पांढरे झालेलेही आले, हा तह पुरंदरच्या तहातला मानतात : हयातीपर्यंतचा करार, म्हणून तहहयात. हे साफ चूक आहे. मृत्युपत्रात करार नसतोच, दुसऱ्या बाजूची सही लागत नाही. तह करायला दोघं हवेत. दुसरा पक्ष तळघराच्या ‘तहखान्या’तला तह आणतो आणि ‘आयुष्याच्या तळापर्यंत’ असा अर्थ लावतो. ऐकायला छान, पण तोही ओढूनताणून.

हा ‘तह’ म्हणजे फारसी ‘ता’, अर्थ ‘पर्यंत’. पुरावा तुमच्या आमच्या तोंडात रोज आहे : ‘आजतागायत’. ता अधिक गायत, गायत म्हणजे हद्द, शेवट. तीच ‘ता’ हयातीला लागली. उर्दूत आजही ‘ताहयात’ म्हणतात. मराठीत पुढच्या ‘ह’नं आपल्याआधी आणखी एक ‘ह’ ओढून घेतला आणि ‘ता’चा ‘तह’ झाला, असं माझं ठाम मत आहे. कारकुनांना ‘तह’ हा शब्द ओळखीचा होता, कागदावर तोच उमटला आणि अर्थाचा घोटाळा तिथून सुरू झाला. ‘तहहयात’ टाकून ‘आजीवन’ लिहा, असा आग्रह धरणाऱ्यांनीही पाहावं : ‘आमरण’, ‘आजीवन’ यांतला ‘आ’ हाही ‘पर्यंत’च. म्हणजे फारसी ‘ता’ जे काम करते तेच संस्कृत ‘आ’ करतो. शब्द बदलून अर्थात तसूभर फरक पडत नाही, मग शंभर वर्षांच्या कागदांत रुळलेला शब्द का हाकलायचा?

या ‘पर्यंत’नेच तुमचं भांडण सुटतं. काकूंचा हक्क काकूंपर्यंत. त्यापुढचा ब्लॉक पुतण्याला काकूंनी दिलेला नाही, काकांनी दिलेला आहे. पुतण्या काकूंचा वारस म्हणून घेत नाहीच, तो काकांच्या मृत्युपत्रातून घेतो. आणि लोकांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट ही, की त्याचा हक्क काकू गेल्यावर जन्माला आला नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ११९ प्रमाणे, मृत्युपत्रात उलट हेतू दिसत नसेल, तर हक्क मृत्युपत्र करणारा गेला त्याच दिवशी जडतो. लांबतो तो फक्त ताबा.

समजा, काका २००९ मध्ये गेले, पुतण्या २०१६ मध्ये, काकू २०२१ मध्ये. २००९ मध्ये हक्क पुतण्याला जडला. २०१६ मध्ये तो त्याच्या वारसांकडे गेला. मागे बायको आणि एक मुलगी असेल, आई नसेल आणि त्यानं स्वतःचं मृत्युपत्र केलं नसेल, तर निम्मा निम्मा. २०२१ मध्ये त्यांना ताबा मागता आला. भाचीला ब्लॉकमधलं काही नाही. पण पुतण्या २००७ मध्ये, म्हणजे काकांच्याही आधी गेला असता, तर कलम १०५ नं ती देणगी गळून पडली असती आणि काकांच्या उरलेल्या मालमत्तेत मिसळली असती. त्या उरलेल्याची मृत्युपत्रात वेगळी सोय नसेल आणि काकांना मूल किंवा आई नसेल, तर ती वारसाहक्कानं काकूंकडेच येते, आणि मग भाचीचं म्हणणं उभं राहतं. म्हणून आधी मृत्यूचे दाखले तारखेप्रमाणे लावा.

दुसरं, मृत्युपत्राची ओळ पुन्हा वाचा. ‘तिचे पश्चात पुतण्यास’ वेगळं आणि ‘तिचे पश्चात पुतण्या हयात असल्यास त्यास’ वेगळं. दुसऱ्या वाक्यात हक्क अटीवर टांगलेला आहे. काकूंच्या आधी पुतण्या गेला की अट मोडली, बायको-मुलीला काही नाही. एकच शब्द, ‘हयात’ : काकूंच्या नावापुढे तो हक्काची हद्द ठरवतो, पुतण्याच्या नावापुढे हक्क जन्मेल की नाही हे ठरवतो. मसुदा करणारे हा शब्द नुसता भारदस्त वाटतो म्हणून टाकतात, याची मला चीड येते. तशीच चीड ‘पत्नी सर्वस्वी मालक होईल, व तिचे पश्चात जे उरेल ते पुतण्यास’ या वाक्याची. आधी पूर्ण मालकी देऊन टाकली की मागाहून पुतण्याला द्यायला शिल्लक काय राहतं? सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये मौलेश्वर मणी प्रकरणात अशी मागाहूनची देणगी निरर्थक ठरवली.

भाचीच्या वकिलाकडे एकच दमदार मुद्दा आहे, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम १४. स्त्रीला पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी मर्यादित हक्कानं मालमत्ता मिळाली असेल, तर तिची पूर्ण मालकी होते, असं १९७७ च्या तुलसम्मा निकालात ठरलं. पण नवऱ्यानं स्वकष्टाची जागा मृत्युपत्रानं हयातीपुरती दिली, तर पोटकलम २ लागतं आणि हक्क मर्यादितच राहतो, असेही पुढचे निकाल आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुंता मोठ्या पीठाकडे सोपवला. तेव्हा काकांनी त्या ओळीत ‘पोटगीदाखल’ असं काही लिहिलंय का, हे भिंग घेऊन पाहा.

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव चढलं होतं, यानं काही बिघडत नाही. ती सोसायटीची नोंद, मालकीचा निवाडा नव्हे. भाची ब्लॉकमध्ये राहायला आली असेल तरी पुतण्याच्या माणसांना दावा लावायला १२ वर्षं मिळतात, आणि ती मोजायची काकूंच्या मृत्यूपासून, काकांच्या नव्हे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ च्या स्पष्टीकरणात तसं लिहिलं आहे. वरच्या उदाहरणात ही मुदत २०३३ मध्ये संपेल.