सेकंड राउंडला जाणार नाही, हे कंपनीला कसं कळवायचं?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअरसाठी पहिली मुलाखत झाली. दुसरी येत्या गुरुवारी अकराला प्लँट हेडसोबत आहे. तेवढ्यात कागलच्या एका कंपनीचं सगळं आधी उरकलं, ऑफर आली आणि मी होकार दिला. आता शिरोलीवाल्यांना कसं सांगू? नुसतं गेलोच नाही तर काय होईल? रिझ्युमे ओळखीनं गेला होता, त्यामुळं जास्त टेन्शन आलंय.

उत्तर: आजच फोन करा आणि फोन ठेवल्यावर लगेच मेल टाका. बुधवार संध्याकाळपर्यंत थांबू नका. मी बरीच वर्षं गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात एचआर सांभाळतोय, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. कागलची ऑफर कागदावर आहे की तोंडी? आपल्याकडं लहान-मध्यम कंपन्यांत अजूनही "एक तारखेपासून या, लेटर मग देतो" असं सर्रास चालतं. अशा शब्दावर शिरोलीचा राउंड सोडू नका. कंपनीच्या मेलवरून लेटर यायला हवं. त्यात पद, पगार, जॉइनिंगची तारीख आणि कुठल्या प्लँटला बसणार हे असायला हवं, आणि तुमचा होकारही मेलवरच गेलेला हवा. बऱ्याच लेटरमध्ये मेडिकल आणि आधीच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर अशा अटी असतात. त्या नेहमीच्याच आहेत, त्यांच्यासाठी अडून बसायचं कारण नाही. फक्त "मॅनेजमेंटच्या अंतिम मंजुरीनंतर" असलं काही लिहिलं असेल, तर ती मंजुरी झाली का हे एका ओळीत विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत शिरोलीचं तसंच राहू द्या.

हे सगळं झालेलं असेल, तर मग "कागलचं काही फिसकटलं तर असू दे" म्हणून गुरुवारी जाऊन येऊ नका. हा सल्ला मित्रमंडळी हमखास देतात. आमच्या बाजूला काय होतं ते बघा. दुसऱ्या फेरीपर्यंत दोन-तीनच नावं उरलेली असतात. तुम्ही गुरुवारी छान बोलून आलात आणि प्लँट हेडला पसंत पडलात, की आम्ही बाकीच्यांना नाही कळवतो किंवा त्यांना ताटकळत ठेवतो. मग आठवड्याभरानं तुम्ही नकार दिला, तर तोपर्यंत ते दोघं दुसरीकडं लागलेले असतात आणि आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेच तुम्ही आज सांगितलंत, तर गुरुवारच्या त्याच वेळेला आम्ही यादीतला पुढचा माणूस बोलावतो. कुणाचंच काही अडत नाही.

आता न सांगता गैरहजर राहिलं तर काय होतं ते सांगतो. फाउंड्रीत प्लँट हेडची सकाळ रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये आणि शॉप फ्लोअरवर जाते. अकराचा अर्धा तास त्यांनी तुमच्यासाठी काढलेला असतो. क्वालिटी हेडलाही वर बोलावलेलं असतं, एखादं ड्रॉइंग आणि नासका कास्टिंगचा तुकडा टेबलावर ठेवलेला असतो, गेटवर सिक्युरिटीकडं तुमचं नाव दिलेलं असतं. सव्वा अकराला एचआरवाली मुलगी तुम्हाला फोन लावते, तो स्विच ऑफ. मग साहेब तिलाच विचारतात, "कसली माणसं बोलावता तुम्ही?" ती तिच्या एक्सेलमध्ये तुमच्या नावापुढं "आला नाही, फोन बंद" असं लिहिते. ती फाइल नोकरी सोडताना ती पुढच्या माणसाकडं देऊन जाते. तुमचा मोबाइल नंबर पुन्हा कधी त्या फाइलमध्ये आला, तर तो शेरा आधी दिसतो. "दुसरीकडं ऑफर स्वीकारली, आधी कळवलं" या शेऱ्यानं मात्र काही बिघडत नाही. उलट असा उमेदवार चांगला होता एवढंच लक्षात राहतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शिरोलीत कास्टिंग ओततात आणि कागलमध्ये त्यांचं मशीनिंग होतं, अशी कितीतरी कामं आहेत. तुम्ही क्वालिटीत आहात. सहा महिन्यांनी ब्लो होल निघालेला लॉट घेऊन तुम्हाला सप्लायरकडं जावं लागलं आणि तो सप्लायर नेमका हाच निघाला, तर? आमच्याकडं हे झालंय. इचलकरंजीची एक मुलगी होती, मेटलर्जी केलेली. दुसऱ्या फेरीच्या आदल्या सकाळी तिनं फोन केला, दोन मिनिटांत नीट सांगितलं, मेल टाकला. पुढं ती मशीनिंगवाल्या कंपनीकडून सप्लायर ऑडिटला आमच्याच प्लँटमध्ये आली. साहेबांनी ओळखलं, "तुम्हीच ना त्या?" म्हणाले आणि चहा मागवला. ऑडिटमध्ये तिनं आमच्या सँड टेस्टिंगच्या नोंदींवर दोन शेरे मारले ते वेगळं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचं वर्तुळ एवढंसं आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या इथल्या चॅप्टरच्या कार्यक्रमातसुद्धा तीच तोंडं भेटतात.

फोन कुणाला करायचा? ज्यांनी मुलाखतीची वेळ कळवली त्यांना. प्लँट हेडचा नंबर असला तरी थेट त्यांना नको. आणि करायच्या आधी त्यांची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी असते ते बघा. एमआयडीसीत सगळीकडं ती रविवारीच असते असं नाही. सकाळी दहा-साडेदहाची वेळ बरी, शिफ्टची आणि हजेरीची गडबड तोवर उरकलेली असते. बोलायचं एवढंच:

"नमस्कार मॅडम, मी अमुक बोलतोय. गुरुवारी अकराला माझी दुसरी फेरी आहे, त्यासाठी फोन केला. मला दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय आणि मी ते स्वीकारलंय. त्यामुळं गुरुवारी मी येणार नाही. तुम्हाला ती वेळ दुसऱ्या कुणाला देता यावी म्हणून आजच सांगतोय. मेलही करतो."

यात दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. एक, "स्वीकारलंय". "विचार करतोय" किंवा "बहुतेक तिकडं जाईन" म्हटलं की समोरच्याला वाटतं, गडी अजून भाव करतोय. आणि दुसरं, "येणार नाही". ते न बोलता नुसतं "जरा अडचण आहे" म्हणालात, तर मॅडम तुम्हाला शनिवारची वेळ देऊन टाकतील आणि तुम्ही आणखी अडकाल.

आजी आजारी आहे, गावाला जावं लागतंय, असली कारणं सांगू नका. पुढच्या महिन्यात तावडे हॉटेलजवळ कागलच्या बसची वाट बघत उभे असाल आणि शिरोलीचं कुणीतरी शेजारून गाडीवरून जाईल.

फोनवर दोन प्रश्न येतील. "कुठं लागलं? किती देतात?" हे आम्ही सगळेच विचारतो, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. बाजारात काय चाललंय ते आम्हाला कळायला हवं असतं. कंपनीचं नाव सांगायचं की नाही ही तुमची मर्जी. मी तुमच्या जागी असतो तर "जॉइन झाल्यावर सांगतो मॅडम" म्हणालो असतो. पगाराचा आकडा तर नाहीच. दुसरा प्रश्न म्हणजे, "थांबा, साहेबांशी बोलते, आपण बघू काहीतरी." इथं बरेच जण पाघळतात. तुम्ही लेखी होकार दिलाय, त्यामुळं "आभारी आहे, पण मी शब्द दिलाय" एवढं म्हणून थांबा. शिरोलीच तुम्हाला जास्त हवी होती, तर होकार देण्याआधी त्यांना "माझ्याकडं ऑफर आहे, उत्तर द्यायला इतके दिवस आहेत, फेरी अलीकडं घेता येईल का" असं विचारायला हवं होतं. कंपन्या तशी फेरी अलीकडं घेतातही. आता ती वेळ गेली.

मेलसाठी नवीन मेल उघडू नका. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं त्यालाच "रिप्लाय ऑल" करून उत्तर द्या, म्हणजे कॉपीत असलेल्या प्लँट हेड आणि क्वालिटी हेडलाही ते जातं. कॅलेंडरवर निमंत्रण आलं असेल तर तेही नाकारा, नाहीतर साहेबांच्या मोबाइलवर गुरुवारी आठवण वाजणारच. मजकूर असा:

"आदरणीय मॅडम,
सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे कळवतो की, क्वालिटी इंजिनिअर पदासाठी गुरुवारी सकाळी 11 वाजता ठरलेल्या दुसऱ्या फेरीला मी येऊ शकणार नाही. मी दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली आहे, त्यामुळे या पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. पहिल्या फेरीत क्वालिटीच्या साहेबांनी श्रिंकेज आणि गेटिंगबद्दल जी चर्चा केली ती मला उपयोगी पडली, त्यांना माझे आभार कळवावेत.
आपला,"

खाली नाव आणि मोबाइल नंबर. त्यांचे मेल इंग्रजीत येत असतील तर हेच इंग्रजीत लिहा. आभाराचं वाक्य पहिल्या फेरीत खरंच जे बोलणं झालं त्यावरचं असू द्या. नुसतं "संधी दिल्याबद्दल आभार" आम्हाला दिवसातून दहा वेळा येतं. आणि माफी मागत बसू नका, तुम्ही काही वावगं केलेलं नाही.

राहिली ओळख. ज्यांनी रिझ्युमे दिला, त्यांच्यामार्फत निरोप पाठवू नका. "काका, तुम्हीच सांगा ना" म्हटलं की त्यांना तुमच्यासाठी दुसऱ्यांदा तोंड वेंगाडावं लागतं. तुम्ही एचआरला फोन करा, आणि तो ठेवल्या ठेवल्या त्यांना करा. मध्ये तास-दोन तास जाऊ देऊ नका, कारण एचआरवाल्यांचा पहिला फोन बहुधा त्यांनाच जाईल, आणि तुमच्याआधी त्यांना तिकडून कळलं तर ते दुखावतील. त्यांना कंपनीचं नाव सांगा, त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पहिला पगार झाल्यावर पेढे घेऊन घरी जाऊन या.

रिझ्युमे कन्सल्टंटमार्फतही गेला असेल, तर आधी त्यालाच फोन करा, कंपनीला तो कळवेल. तो जरा कुरकुरेल. उमेदवार लागला तर त्याला साधारण महिन्याभराच्या पगाराएवढी फी मिळते, ती तुमच्यामुळं गेली. ऐकून घ्या. पण त्यानं "गुरुवारी नुसतं बसून या, मग नाही म्हणा" असं सुचवलं, तर ते ऐकू नका आणि कंपनीला मेल स्वतःच टाका.

तिकडून "ऑल द बेस्ट, पुढं कधी वाटलं तर कळवा" एवढंच उत्तर येईल. त्यावर परत मेल करायची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत काहीच उत्तर आलं नाही, तर बुधवारी दुपारी एचआरला व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, "मॅडम, गुरुवारच्या फेरीबद्दलचा मेल पोचला ना?"