दुधाची ॲलर्जी आणि लॅक्टोज-फ्री दूध

माझ्या २ वर्षांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी निघालीय, लॅक्टोज-फ्री दूध दिलं तर चालेल का?

नाही, अजिबात देऊ नका. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती पचवणारं एन्झाइम आतड्यात कमी पडलं की पोट फुगतं, गॅस, जुलाब होतात, त्याला इनटॉलरन्स म्हणतात, त्रास खूप होतो पण जीवाला धोका नसतो, आणि अशा बऱ्याच लोकांना चहापुरतं दूध किंवा वाटीभर दही चालून जातं. ॲलर्जीत मात्र शरीराची इम्युन सिस्टीम दुधातल्या प्रोटीनवर, म्हणजे केसीन नाहीतर व्हे वर तुटून पडते, आणि लॅक्टोज-फ्री दुधात ते प्रोटीन जसंच्या तसं असतं! दही, ताक, पनीर, खवा सगळ्यात असतं, साजूक तुपातही थोडं राहू शकतं. इथे ‘थोडंसं चालेल’ हा हिशोब नाही, एखादा घोटसुद्धा पुरतो. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ लिहिलंय का ते दरवेळी बघा.

अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी हे बहुतेकदा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतं. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला किंवा मूल एकदम मलूल पडलं तर ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नका, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, लगेच १०८ ला फोन करा. दुधाऐवजी काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, शेळीचं दूधही नको, त्यातलं प्रोटीन जवळपास तसंच असतं.