अरबी न येता अरबी घोषवाक्यांचे काम : दुबईला येऊ पाहणाऱ्यास उत्तर

प्रश्न : "पुण्यात पॅकेजिंगसाठी जाहिराती लिहितो. दुबईत पाकिटांवरच्या घोषवाक्यांचं अरबीकरण करणाऱ्या एका एजन्सीत काम मिळतंय. मला अरबी येत नाही. बायको-मुलीला घेऊन यावं का, आणि कामात नेमकं काय करावं लागतं?"

व्हिसा आणि घरभाड्याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळते, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी हेच काम करतो. अरबी वाक्य अरबी लेखकच लिहितो. आपले काम त्याला मूळ वाक्यामागचा हेतू समजावून देणे, ग्राहक कंपनीची समजूत घालणे आणि छायाचित्रावर ते वाक्य धडपणे बसले आहे की नाही हे पाहणे, एवढे असते. अरबी न येता हे जमते, पण न जमणारी बाजूही आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

एक उदाहरण विस्ताराने सांगतो. महाराष्ट्रातल्या एका मसाला कंपनीचे गोडा मसाल्याचे पाकीट आखाती बाजारात यायचे होते. छायाचित्रात आमटीची वाटी, तीत पळी धरलेला बाईचा हात आणि वर इंग्रजीत ‘आईच्या हातची चव’ या अर्थाचे वाक्य. शब्दशः अरबी केले तर ‘तअम यद अल-उम्म’ होते. व्याकरणात दोष नाही, पण वाचणाऱ्याला ती चव स्वयंपाकाची न वाटता हाताचीच वाटते. बोलीत ‘मिन ईद उम्मी’, म्हणजे ‘माझ्या आईच्या हातचे’, असे म्हणतात आणि त्यात ऊबही आहे. परंतु ‘ईद’ हे हाताचे बोलीतले रूप आहे, ग्रंथिक अरबीत ‘यद’. रस्त्यावरच्या फलकाला बोली चालते, कारण तो फलक एकाच शहरात उभा असतो. पाकीट मात्र मस्कतला जाते, कुवेतला जाते, कैरोलाही पोहोचते, म्हणून त्यावर सर्वांना आपली वाटेल अशी भाषा लागते.

आमच्या लेखिकेने सुचवलेला शब्द होता ‘नफस’. मूळ अर्थ श्वास. मात्र एखाद्या बाईचा ‘नफस’ चांगला आहे असे म्हटले की तिच्या हाताला चव आहे, असाच अर्थ होतो. वाक्य ठरले : ‘नफस उम्मी फी कुल्ल लुक़्मा’, प्रत्येक घासात माझ्या आईचा नफस. हात गेला, चव हा शब्दही गेला, आणि मूळ वाक्याला जे म्हणायचे होते ते राहिले. शिवाय यात कोणाला आज्ञा नाही. आपले ‘चाखून पाहा’ स्त्री-पुरुष दोघांनाही चालते. अरबीत पुरुषाला ‘जर्रिब’ आणि स्त्रीला ‘जर्रिबी’. मसाल्यावर ‘जर्रिबी’ छापले की स्वयंपाक बाईनेच करायचा, असे आपण सांगून बसतो आणि इथे खोली वाटून घेऊन स्वतः रांधणारे हजारो पुरुष ग्राहक वगळले जातात. क्रियापदाऐवजी नामावर वाक्य उभे केले की हा पेच सुटतो.

खरी अडचण पुढे आली. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. न, फ, स एवढीच अक्षरे छापली तर तो शब्द ‘नफ्स’ असाही वाचता येतो आणि त्याचा अर्थ ‘स्वतः’ किंवा ‘तोच, तीच’ असा होतो. क्षणभर का होईना, वाचक ‘तीच माझी आई’ असे काहीतरी वाचून अडखळतो. म्हणून पहिल्या दोन अक्षरांवर फतहा, म्हणजे ‘अ’ दाखवणारी तिरपी रेघ, देणे आवश्यक होते. या दोन्ही अक्षरांवर आधीच एकेक नुक्ता असतो. पाउचवर छपाई बारीक झाली की रेघ आणि नुक्ता एकमेकांत मिसळतात, आणि आमच्या छायाचित्रात तर अक्षरे आमटीच्या पांढऱ्या वाफेवर पांढऱ्याच रंगात होती. वाक्य वाफेखालून काढून गडद भागावर आणावे लागले. त्यासाठी अक्षरांविना असलेले मूळ छायाचित्र हवे होते; कंपनीने सर्व थर एकत्र केलेली फाइल पाठवली होती. येण्यापूर्वीच एक सवय लावून घ्या : कोरे छायाचित्र आणि सुटे थर हाती आल्याशिवाय तारीख कबूल करू नका.

अरबी उजवीकडून वाचली जाते म्हणून कलाकाराने अख्खे छायाचित्र उलटवले. त्याबरोबर पळी धरलेला उजवा हात डावा झाला. डाव्या हाताने वाढणे आपल्याकडे चालत नाही, तसे इथेही चालत नाही. फक्त मांडणी उलटवायची. माणूस, घड्याळ आणि पाकिटावरची छपाई उलटवायची नाही. मात्र ‘आधी आणि नंतर’ अशी चित्रे असतील तर त्यांचा क्रम बदलावाच लागतो, नाहीतर स्वच्छ सदरा साबणाने मळलेला दिसतो.

अरबी न वाचता करता येणारी एक तपासणी सांगतो. ‘नफस’मधली तिन्ही अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात. ती सुटी दिसली तर फोटोशॉपने मजकूर मोडला आहे, आणि बहुधा क्रमही उलटा लागला आहे, असे समजावे. काही आवृत्त्यांत Preferences मधल्या Type विभागात World-Ready Layout निवडावे लागते. अक्षरांमधले अंतरही शून्य ठेवावे, कारण ते वाढवले तरी जोड तुटतात. शंका आल्यास लेखकाच्या पीडीएफशी आकार जुळवून पाहावा.

कंपनीची मंजुरी हा या कामातला सर्वांत चिडवणारा भाग आहे. आपण तीन पर्याय पाठवतो आणि प्रत्येकासोबत त्याचा इंग्रजी उलट अनुवाद व थोडे स्पष्टीकरण देतो. मुंबईतला व्यवस्थापक उलट अनुवाद वाचतो, त्यात ‘श्वास’ दिसतो, आणि तो विचारतो की मसाल्यात श्वास कशाला. मग तो शब्दशः असलेला पर्याय निवडतो, कारण त्याचा उलट अनुवाद मूळ वाक्यासारखाच असतो. म्हणून मी आता उलट अनुवादात ‘आईच्या हाताची चव, जशी अरब घरात म्हणतात’ असे लिहितो आणि ‘श्वास’ खाली टिपेत ठेवतो.

कागदपत्रांचे सांगायचे तर पदवीच्या प्रमाणीकरणाने मला जितके थकवले तितके इथल्या उन्हाने नाही. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पारपत्रावर ते वेगळ्या रकान्यात असते, आणि अरबीत ‘प’ नसल्याने ‘पाटील’चे ‘बातील’ होते. कोणता कागद कोणाचा हे मला खिडकीखिडकीवर सांगावे लागले. आपल्या ग्राहकाच्या नावात प, च, व असतील तर अरबी लेखन त्यांच्याकडून लेखी ठरवून घ्या. एका पाकिटावर एक आणि खोक्यावर दुसरे असे सहज होते.

मुलीचे म्हणाल, तर इथल्या खाजगी शाळांत अरबेतर मुलांनाही पहिली ते नववी अरबी सक्तीची आहे. माझी मुलगी अरबेतर मुलांच्या वर्गात ती वर्षानुवर्षे शिकली. तिला गुण चांगले पडले. पण तिच्या वर्गात बोलण्याऐवजी फळ्यावरचे उतरवून घेतले जाई, आणि तक्रार केली तेव्हा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे एवढेच उत्तर मिळाले. माझ्या पाकिटावरचा ‘नफस’ तिने फतह्यांसह बरोबर वाचला आणि अर्थ मला विचारला. याचा राग मला अजून येतो, आणि शाळेवर किती व माझ्यावर किती, हे मला ठरवता आलेले नाही. एकटेपणाचे मात्र फारसे मनावर घेऊ नका. मराठी माणसे शारजात भरपूर आहेत.

आता न जमणारी बाजू. लेखिका दोन पर्यायांतला एक वाचून हसते आणि दुसरा वाचून हसत नाही, तेव्हा मी तिच्या चेहऱ्यावरून निवडतो. कंपनीला कारण लिहून देताना ते माझे असल्यासारखे लिहितो. पुण्यात आपण स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून वाक्य खोडत असाल. इथे तो कान कामाचा राहणार नाही, आणि ते आपल्याला किती खुपेल हे मी सांगू शकत नाही, मला ते अजून खुपते. येण्याचे ठरलेच तर करारावर सही करण्यापूर्वी एजन्सीला विचारा की अरबी लेखक पगारी आहेत की शब्दमोजणीवर. शब्दमोजणीवर असतील तर चार शब्दांच्या वाक्यासाठी चार शब्दांचेच पैसे मिळतात, तीन पर्याय कोणी देत नाही, आणि आपल्या हाती ‘तअम यद अल-उम्म’च येते.